आभाराच्या पानावर तिचं नाव

मला वहिनी नाही. भाऊच नाही, तर वहिनी कुठून येणार? तरी माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात ‘रात्री-अपरात्री न कंटाळता चहा करून देणाऱ्या माझ्या प्रेमळ वहिनींची मी जन्मभर ऋणी राहीन’ असं झोकात इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि ते पान माझ्या गाईड सरांच्या हातात होतं.

दोष माझा एकटीचा नव्हता. आमच्या विभागात आभाराची एक फाईल आहे. कोणत्या पिढीतल्या कुणी लिहिली देव जाणे. सीनियर ज्युनियरला देतो, तो पुढच्याला देतो, आणि प्रत्येकजण फक्त नावं बदलतो. गाईड हे नेहमी दीपस्तंभ असतात, विभागप्रमुखांचं सहकार्य नेहमी अमूल्य असतं, आईवडिलांविषयी लिहायला शब्द नेहमी अपुरे पडतात, आणि ते पुढे दहा ओळी पडतच राहतात. सगळा प्रबंध एकेक आकडा घासून-पुसून लिहिणारी माणसं आभाराशी आली की कॉपी-पेस्ट मारून मोकळी होतात. मीही मारलं. वहिनी तेवढी बदलायची राहिली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, “अभिनंदन. भावाचं लग्न कधी झालं?”

त्यांनी पेन्सिल घेतली आणि वहिनीपासून जे खोडायला सुरुवात केली, ते थांबेचनात. दीपस्तंभ खोडला. ‘सततचं प्रोत्साहन’ खोडलं, वर म्हणाले की मी तुला कधी प्रोत्साहन दिलेलं नाही, मी तुला पहिल्या वर्षीचा प्रयोग परत करायला लावला होता आणि तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरून होतीस, ते लिही. मग कागद माझ्याकडे सरकवला. “पद्धतीच्या प्रकरणात तू ‘योग्य त्या प्रमाणात औषध घातलं’ असं लिहिलंस तर मी सोडीन का? मग इथं का सोडू? ज्यानं जे केलं ते लिही. काही केलं नसेल तर नाव लिहू नको.”

बाहेर आले तेव्हा मला असा काही राग आला होता की बस. चार दिवसांवर प्रबंध जमा करायची तारीख. गेटसमोरचा बाइंडिंगवाला दोनदा फोन करून चुकलेला. संदर्भांची यादी झाली, तक्ते झाले, समितीतल्या सगळ्यांनी मान डोलावली, आणि मी अडकले कशात, तर आभारात! ज्या पानाला मार्क नाहीत, ज्याच्यावर तोंडी परीक्षेत कुणी एक प्रश्न विचारत नाही, त्या पानात.

आता खरं सांगायचं तर ते पान सोडून प्रबंधातलं दुसरं काही कुणी वाचत नाही. लायब्ररीत नवा प्रबंध आला की आमची मुलं उघडतात ते थेट आभार. कुणाला वेगळा परिच्छेद मिळाला, कुणाला मित्रांच्या गठ्ठ्यात कोंबलं, कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं, यावर चहाच्या टपरीवर पंचायत बसते. मी लिहायला बसले आहे म्हटल्यावर ज्युनियर मुलं उगाचच पेट्री प्लेट मागायला यायला लागली. एक जण तर सरळ म्हणाला की ताई, मी तुमच्या नळ्या निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह एकदा लावला होता. मी म्हटलं, हो, आणि झाकणाचा स्क्रू सैल ठेवला होतास, तेही लिहिते. गेला बिचारा.

बसले तर खरी, पण बसवेना. खुर्चीतून उठायचं, बुरश्या हाताळायच्या निर्जंतुक पेटीची, लॅमिनार फ्लोची, काच पुसायची, परत बसायचं. विभागप्रमुखांचं लिहिलं: त्यांनी हरभऱ्याचा मर रोगाचा प्लॉट मला दुसऱ्या वर्षीही दिला. हा प्लॉट म्हणजे मुद्दाम रोगट ठेवलेली जमीन. मातीतच मर रोगाची बुरशी, त्यामुळे हरभरा पेरला की मरतोच, आणि आपण लावलेलं औषध किती झाडं वाचवतं हे तिथंच कळतं. माझ्या सगळ्या प्रबंधाचा जीव त्या तुकड्यात होता. मग लॅबच्या मामांचं लिहिलं, त्यांनी वीज गेल्यावर जनरेटर लावला म्हणून इन्क्युबेटर चालू राहिला. हे तसं सोपं होतं. घरच्यांचं अवघड गेलं. ‘वडिलांनी सतत पाठिंबा दिला’ हे मी लिहिलं आणि स्वतःच खोडलं, कारण वडिलांनी सतत स्थळं आणली होती. पण एकदा पाहुणे ‘शिक्षण अर्धं सोडावं लागेल’ म्हणाले तेव्हा वडील पोह्यांची ताटली तशीच ठेवून उठले होते. ते लिहिलं. लिहिताना हुंदका आला आणि मी माझ्यावरच चिडले.

शेवटी एकच नाव राहिलं. खरं तर सगळ्यात आधी तेच आठवलं होतं. मीच टाळत होते.

आमच्या हॉस्टेलात तिला पारनेरकरीण म्हणायचे आणि मला शेवगावकरीण. एकाच गाईडकडे, एकाच वर्षी, एकाच टेबलावर. ती कांद्यावर काम करायची, पातीवर जांभळे डाग पडतात त्या करप्यावर, मी हरभऱ्यावर. माझी जीभ तिखट, तिचा हात शांत. माझ्या प्लेटमध्ये नको ती बुरशी शिरायची, तिच्या प्लेटमध्ये कधी नाही. दुसऱ्या वर्षी, माझा हरभरा भरात आलेला असताना, माझ्या आईचं ऑपरेशन निघालं आणि मी नगरच्या दवाखान्यात अडकले. त्या काळात तिनं माझ्या सगळ्या बुरश्या नव्या नळ्यांत बदलून जिवंत ठेवल्या. त्या वेळच्या वेळी बदलल्या नाहीत तर संपतात, आणि त्यातल्या कित्येक मी पाथर्डी-शेवगावच्या बांधाबांधावर हिंडून गोळा केलेल्या होत्या. वर तिनं माझ्या प्लॉटमधली शेवटची मोजणीही घेतली. नुसती मेलेली झाडं मोजून थांबली नाही. प्रत्येक मेलेलं झाड उपटून, खोड उभं चिरून, आत काळपट रेघ आहे का ते पाहिलं, म्हणजे झाड मर रोगानंच गेलं, पाण्यावाचून नव्हे, याची खात्री. हे तिला मी सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नसतं.

मोजणी संपली आणि त्याच आठवड्यात गारा पडल्या. माझा हरभरा झोडपला गेला, पण माझे आकडे वहीत आले होते. तिच्या कांद्याच्या पातीच्या चिंध्या झाल्या. ज्या पातीवरचे डाग मोजायचे ती पातच राहिली नाही, मग मोजायचं काय? शेतातल्या प्रयोगाला दोन वर्षांचे आकडे लागतात. तिचं दुसरं वर्ष एका दुपारी गेलं. फेलोशिपची मुदत संपत आलेली होती. तिनं कुणाशी फार बोलणं केलं नाही. सुट्टी टाकून घरी गेली, आणि महिन्याभरानं कळलं की नागापूरच्या एमआयडीसीत एका मसाल्याच्या कारखान्यात माल तपासायच्या लॅबमध्ये लागली.

त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे मोबाईलवरचे हसरे चेहरे. मी काही लिहिलं की एक हसरा चेहरा. मी चिडून दोन शिव्या लिहिल्या तरी हसरा चेहराच.

मी तिचा परिच्छेद लिहिला, सर म्हणाले तसा, जे केलं ते. आणि मग तिला फोन लावला, कारण राहवेना. आनंद होईल असं वाटलं होतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “माझं नाव घालू नको.”

मी कारण विचारलं. ती म्हणाली की ते पान मुलं वाचणार, विचारणार ही कोण, आणि मग लायब्ररीत माझा प्रबंध शोधणार. सापडणार नाही. मला तुझ्या आभारात राहायचं नाही, मला माझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर राहायचं होतं. ते झालं नाही, तर हेही नको. मी तिला म्हटलं, तू वेडी आहेस. तिनं फोन ठेवला.

आता आली का पंचाईत! मी दुसऱ्या दिवशी परिच्छेद काढून पान सरांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, शेवटची मोजणी कुणी घेतली? मी सांगितलं, तिनं, पण नाव घालू नको असं तिचं म्हणणं आहे. ते म्हणाले, “तिचं म्हणणं ठीक आहे. पण तू तेव्हा दवाखान्यात होतीस, हे मला माहीत आहे. मग हे आकडे आले कुठून? तिचं नाव नसेल तर प्रबंध खरा असल्याच्या प्रमाणपत्रावर मी सही करायची कशी?” मी म्हटलं, मग काय करू? म्हणाले, जा आणि विचारून ये. फोनवर नाही. मी दारापर्यंत गेले तर मागून आवाज आला, रजिस्ट्रेशनची तिची मुदत अजून संपलेली नाही, तिला माहीत आहे ते, मी सांगितलं होतं.

म्हणजे लिहिलं तर मैत्रीण जाते, नाही लिहिलं तर सही जाते. मला सरांचा राग आला, तिचा आला, गारांचा आला. पण खरी भीती सहीची नव्हती. तिला असं वाटायला नको होतं की मी तिचे आकडे खाऊन ढेकर दिली.

रविवारी तिला सुट्टी. मी नगरहून पारनेरची एसटी धरली. अंगात नुसती चुळबूळ. तिचा परिच्छेद परत घातलेलं पान पिशवीत होतं, ते दर दहा मिनिटांनी काढून वाचत होते, शेजारच्या बाईंना वाटलं असेल कोर्टाचा कागद आहे. सुप्यापुढे गाडी रिकामी झाली तशी मी सीट बदलून खिडकीशी बसले, तिथून परत मागच्या सीटवर आले. कंडक्टरनं विचारलं, बाई, बसायचं का उभं राहायचं, काय ते ठरवा.

तिचं गाव राळेगणसिद्धीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. घरापुढं गोठा, चार गाई, तिचे वडील दुधाची किटली धूत होते. मी त्यांना आधी हॉस्टेलवर पाहिलं होतं. तेव्हा हा माणूस मोठ्यानं बोलायचा. रेक्टरबाईंना, वॉचमनला, भेटेल त्याला सांगायचा की आमची पोरगी डाक्टर व्हनार, झाडांची. आता त्यांनी मला ‘ये पोरी’ म्हटलं आणि किटली धुतच राहिले.

ती बाहेर आली. मला पाहून चेहरा बदलला, आनंद झाला आणि लगेच आवरला. आईनं चहा ठेवला. इकडचं-तिकडचं झालं. मग मी पान काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, सरांनी पाठवलंय. तू वाच, आणि नको म्हणालीस तर मी जाऊन त्यांना तसं सांगते, पुढं माझं मी बघते.

ती वाचत होती तेवढ्यात वडील हात पुसत ओट्यावर आले. विचारलं, काय हाय? कंपनीचं हाय का? ती म्हणाली, नाही अण्णा, हिच्या प्रबंधातलं आहे. माझं नाव आहे त्यात. वडील टेकून बसले. म्हणाले, वाच की मग. आमाला कळंल असं वाच.

तिनं मराठीत सांगायला सुरुवात केली. “म्हणजे अण्णा, हिची आई आजारी होती, तेव्हा मी हिला थोडी मदत केली, असं लिहिलंय.” आणि पान घडी घालायला लागली.

थोडी मदत! माझं डोकंच फिरलं. दोन दिवस एकेक शब्द तोलून, सरांच्या पेन्सिलीला जागा न ठेवता लिहिलेलं पान, आणि ही बया त्याची दोन शब्दांत वासलात लावते! मी तिच्या हातातून ते ओढून घेतलं. म्हटलं, काका, असं लिहिलेलं नाही. मी वाचते.

आणि मी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. बुरश्या कशा जिवंत ठेवल्या ते वाचलं. खोड चिरून पाहिल्याचं वाचलं, आणि समितीनं माझे आकडे मान्य केले ते त्यामुळेच, हेही. ती मध्ये म्हणाली, पुरे. मी थांबले नाही. शेवटचं वाक्य राहिलं होतं, तेच तिला नको होतं हे मला तेव्हा कळलं. तरी वाचलं: ‘त्याच आठवड्यात झालेल्या गारपिटीत तिचा स्वतःचा दुसऱ्या वर्षाचा कांद्याचा प्रयोग पूर्ण नष्ट झाला, त्यानंतरही माझ्या नोंदी व्यवस्थित लिहून माझ्या हातात देऊनच ती घरी गेली.’

आई आतून चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थांबली.

वडील माझ्याकडं नाही, तिच्याकडं बघत होते. “गारांनी गेला व्हय तुजा कांदा?”

ती खाली बघून म्हणाली, हो.

“मंग तू तर म्हनली, जमलं न्हाई.”

“जमलं नाहीच ना अण्णा.”

नंतर त्यांनी जे सांगितलं ते माझ्याशी बोलल्यासारखं सांगितलं, कारण तिच्याशी बोलवत नसावं. ते म्हणाले की आमी समजलो पोरगी नापास झाली. गावात कुनी इचारलं तर सांगत हुतो, नोकरी लागली म्हून सोडलं. हिला कदी इचारलं न्हाई, म्हटलं पोरीच्या जिवाला लागंल. आईनं कप खाली ठेवले. मुलीनं बापाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही, आणि बापानं मुलीला वाईट वाटू नये म्हणून विचारलं नाही. एका घरात, ताटाला ताट लावून, सगळा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा. मला रडू यायच्या बेतात होतं आणि कुणाला तरी धरून हलवावंसंही वाटत होतं.

मग ते तिला म्हणाले, आवाज न चढवता, एखाद्या शेजाऱ्याला सांगावं तसं: “गारांनी माल गेला तर मानूस नापास व्हतंय का? आपला कांदा किती येळा गेला. आपन काय नापास झालो?”

ती ओठ आवळून बसली होती. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ती रडली नाही, पण चहाचा कप उचलला आणि तसाच परत ठेवला.

वडिलांनी मला विचारलं, त्ये परत लावता येतंय का? मी सरांचा निरोप सांगितला. मुदत आहे, वाढवूनही मागता येते, अर्ज सरांमार्फत जातो. पहिल्या वर्षाचे आकडे शाबूत आहेत, एकच हंगाम लागेल. ती चटकन म्हणाली, नोकरीचं काय? इतकं सोपं नाही ते. फेलोशिप नाही, एवढ्या सुट्ट्या मिळणार नाहीत, आणि परत गारा पडल्या तर? ती माझ्यावर ओरडली म्हणायला हरकत नाही. मी पहिल्यांदा तिला ओरडताना ऐकलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी ती हसरा चेहरा सोडून काहीतरी बोलत होती.

वडील उठले. गाई ओरडायला लागल्या होत्या. जाता जाता म्हणाले, “रोप टाकायला अजून टाइम हाय. बग तू.”

ते गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. तिनं माझ्या हातातलं पान घेऊन पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं पेन मागितलं. म्हटलं, झालं, नाव खोडणार. ती म्हणाली, “तुला कुणी सांगितलं होतं सगळं वाचायला?” मी पेन काढून दिलं.

परिच्छेदाच्या सुरुवातीला मी तिच्या नावाआधी लिहिलं होतं, ‘माझी माजी सहसंशोधक’. तिनं ‘माजी’वर आडवी रेघ मारली, नीट, पट्टी लावल्यासारखी सरळ. पान मला दिलं आणि म्हणाली, आता जा, शेवटची एसटी चुकेल.